पत्त्यांची चोरी आणि उगमाची पडताळणी

२४ एप्रिल २०१८ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारी सुमारे ४ वाजून ३५ मिनिटांनी, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातील एका लहानशा इंटरनेट कंपनीच्या यंत्रांनी शेजारच्या जाळ्यांना एक निरोप दिला. काही ठरावीक पत्ते आपल्याकडे आहेत, तेव्हा त्यांच्या नावाची टपालपेटी आपल्याकडे रिकामी करावी, अशा अर्थाचा तो निरोप होता. वस्तुतः ते पत्ते त्या कंपनीचे नव्हते. ते अ‍ॅमेझॉन या विख्यात कंपनीचे होते. तरीही शेजाऱ्यांपैकी काहींनी तो निरोप खरा मानला, आपल्या शेजाऱ्यांना कळविला, आणि थोड्याच वेळात शिकागो, सिडनी, बँकॉक, मनिला, मस्कत अशा दूरदूरच्या शहरांतून अ‍ॅमेझॉनकडे निघालेले संदेश भलतीकडे जाऊ लागले. हा प्रकार जवळजवळ दोन तास चालला. तेवढ्या अवधीत 'मायइथरवॉलेट' नावाच्या एका संकेतस्थळाच्या ग्राहकांचे 'इथर' या आंकिक चलनातील सुमारे दीड लाख डॉलर चोरीस गेले.

या चोरीत अ‍ॅमेझॉनचे एकही यंत्र फोडले गेले नाही. मायइथरवॉलेटच्या यंत्रांनाही कोणी हात लावला नाही. चोराने फक्त वाट बदलली. एका परक्या जाळ्याने केलेला निराधार दावा सगळ्यांनी मान्य कसा केला, आणि असा दावा ओळखण्यासाठी पुढे जी 'उगम-पडताळणी'ची पद्धत रूढ होत गेली ती काय करू शकते व काय करू शकत नाही, हे या प्रकरणाच्या आधारे नीट समजून घेता येते.

वाट कशी ठरते

इंटरनेट हे एकच एक जाळे आहे, अशी सर्वसामान्य समजूत असते. प्रत्यक्षात ते स्वतंत्र मालकीच्या पाऊण लाखाहून अधिक जाळ्यांचे मिळून बनलेले आहे. दूरध्वनी कंपन्या, विद्यापीठे, बँका, मोठ्या संगणक-कंपन्या यांची ही जाळी आपापल्या हद्दीत स्वयंशासित असतात. म्हणून त्यांना 'स्वायत्त जाळी' म्हणतात. प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक दिलेला असतो. अ‍ॅमेझॉनचा क्रमांक १६५०९ आहे आणि तो संगणकाच्या पडद्यावर AS16509 असा लिहिला जातो. कोलंबसच्या त्या कंपनीचा क्रमांक AS10297 असा होता.

प्रत्येक जाळ्याकडे पत्त्यांचे काही गट असतात. अशा गटाला तंत्रज्ञ 'प्रीफिक्स' म्हणतात. येथे त्याला 'पत्तागट' म्हणू. इंटरनेटचा जुना व अजूनही सर्वत्र वापरात असलेला पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. त्यांतील सुरुवातीचे किती अंक ठरलेले आहेत, हे पत्तागटाच्या शेवटी तिरप्या रेघेनंतर लिहितात. 205.251.192.0/23 याचा अर्थ असा, की पहिले २३ अंक ठरलेले आहेत आणि उरलेले ९ मोकळे आहेत. नऊ मोकळ्या अंकांपासून ५१२ पत्ते तयार होतात. शेवटी /24 असेल तर मोकळे अंक आठच उरतात आणि पत्ते २५६ होतात. म्हणजे रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचा सारा खेळ तिच्यावरच आहे.

कोणता पत्तागट कोठे आहे, हे सांगणारे मध्यवर्ती कार्यालय इंटरनेटवर नाही. प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्यांना सांगते की अमुक गट माझ्याकडे आहे. शेजारी ती घोषणा आपल्या शेजाऱ्यांना सांगतो आणि सांगताना आपला क्रमांक तीत पुढे जोडतो. अशा रीतीने घोषणा जगभर पसरते आणि तिच्याबरोबर क्रमांकांची एक मालिकाही तयार होत जाते. मालिकेतील शेवटचा क्रमांक ज्याचा, ते जाळे त्या गटाचे उगमस्थान मानले जाते. या देवाणघेवाणीच्या नियमावलीला 'बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल', संक्षेपाने 'बीजीपी', असे नाव आहे. ती १९८९ च्या सुमारास तयार झाली. तेव्हा जाळी थोडी होती, चालविणारी माणसे एकमेकांना ओळखत होती, आणि शेजारी खोटे बोलेल ही शक्यता कोणी विचारात घेतली नव्हती. घोषणा करणाऱ्याला त्या पत्त्यांवर अधिकार आहे की नाही, हे तपासण्याची कसलीही सोय या नियमावलीत नाही.

लहान गटाचा विजय

एकाच पत्त्याकडे जाणाऱ्या दोन वाटा राउटरला, म्हणजे वाट दाखविणाऱ्या यंत्राला, ठाऊक असतील तर तो कोणती निवडतो? टपाल कचेरीतील छाननीचे दृश्य येथे उपयोगी पडेल. समजा, एका पोत्यावर 'उत्तर प्रदेश' असे लिहिले आहे आणि दुसऱ्यावर 'वाराणसी'. वाराणसीचे पत्र हाती आले की कर्मचारी ते निःशंकपणे दुसऱ्या पोत्यात टाकतो. दोन्ही पोती बरोबर आहेत, पण दुसरे अधिक नेमके आहे. राउटरही हेच करतो. ज्या पत्तागटात गंतव्य पत्ता बसतो अशा सर्व गटांतून तो सर्वांत लहान, म्हणजेच सर्वांत नेमका, गट निवडतो. वाट जवळची की लांबची, स्वस्त की महाग, हे प्रश्न त्यानंतरचे. ते दोन गट अगदी सारख्या आकाराचे असतील तरच उद्भवतात.

हा नियम सोयीसाठी केलेला आहे आणि एरवी तो चोख काम करतो. मात्र तोच चोराच्या हातातील किल्ली ठरतो. खऱ्या मालकाने ५१२ पत्त्यांचा गट घोषित केला असेल आणि चोराने त्यातलाच २५६ पत्त्यांचा अर्धा भाग घोषित केला, तर जेथे जेथे ती घोषणा पोहोचेल तेथे तेथे चोराचा विजय होतो. तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असला तरी बिघडत नाही. २०१८ मध्ये नेमके हेच घडले. अ‍ॅमेझॉनची आणि कोलंबसच्या जाळ्याची घोषणा शेजारी शेजारी ठेवली, तर चित्र असे दिसते :

```
205.251.192.0/23   AS16509
205.251.192.0/24   AS10297
205.251.193.0/24   AS10297
```

खालच्या दोन ओळींतील दोन लहान गट मिळून वरचा मोठा गट पूर्ण झाकला जातो. याखेरीज शेजारच्या पट्ट्यातील आणखी तीन लहान गट त्या वेळी घोषित झाले होते. एकूण पाच गट, म्हणजे १,२८० पत्ते. अ‍ॅमेझॉनने पुढे खुलासा केला, की एका इंटरनेट पुरवठादाराच्या यंत्रणेत कोणा दुष्ट हेतूच्या व्यक्तीने शिरकाव केला होता आणि तिच्यामार्फत या घोषणा करण्यात आल्या. दावा करणारे जाळे स्वतःच चोर असते असे नाही. कित्येकदा ते चोराचे पहिले सावज असते.

मग मालकानेही लहान गट घोषित करून चोरावर मात का करू नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तसे करता येते, पण त्याला मर्यादा आहे. वाटांच्या याद्या अफाट वाढू नयेत म्हणून बहुतेक जाळी /24 पेक्षा लहान गटाची घोषणा स्वीकारतच नाहीत. मालकाने /24 घोषित केला तर तो चोराच्या बरोबरीला येतो, पुढे जात नाही. मग जगाचे दोन तुकडे पडतात : ज्यांना मालक जवळ ते मालकाकडे जातात, ज्यांना चोर जवळ ते चोराकडे.

पैसे कसे गेले

चोरीस गेलेले पत्ते मायइथरवॉलेटच्या संकेतस्थळाचे नव्हते, ही या प्रकरणातील लक्षणीय बाब आहे. ते अ‍ॅमेझॉनच्या नामसूची-सेवेचे होते. संकेतस्थळाचे नाव टाइप केले की त्या नावाचा अंकांतील पत्ता कोणता, हे संगणक अशा नामसूचीला विचारतो. हा प्रश्न ग्राहकाच्या वतीने मधली एखादी चौकशी-यंत्रणा विचारते, आणि मिळालेले उत्तर ती काही काळ स्वतःपाशी जपून ठेवते, म्हणजे पुढच्या ग्राहकासाठी पुन्हा विचारावे लागू नये.

चोराने वळवून घेतलेल्या वाटेच्या टोकाला स्वतःची नामसूची मांडली. मायइथरवॉलेटचा पत्ता कोणी विचारला तर ती रशियातील एका यंत्राचा पत्ता सांगे, आणि त्या यंत्रावर मूळ संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उभी होती. बाकी नावांची चौकशी झाली तर ती उत्तरच देत नसे. त्यामुळे त्या दोन तासांत अ‍ॅमेझॉनच्या सेवेवर अवलंबून असलेली इतरही संकेतस्थळे काही ठिकाणी 'सापडेनाशी' झाली. काही तरी बिनसले आहे याची पहिली जाणीव अनेकांना त्यामुळेच झाली. जेथील चौकशी-यंत्रणांनी ती खोटी वाट स्वीकारली होती, तेथेच फसवणूक झाली. जेथपर्यंत ती पोहोचली नाही तेथील ग्राहकांना काहीच कळले नाही. एकाच वेळी एका शहरात संकेतस्थळ नीट चालते आणि दुसऱ्या शहरात चालत नाही, हे अशा चोरीचे एक ठळक लक्षण होय.

खोट्या संकेतस्थळापाशी आणखी एक पहारा होता. संकेतस्थळाची ओळख पटविणारे प्रमाणपत्र चोराकडे नव्हते. त्याने स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र पुढे केले. त्यामुळे ग्राहकांच्या पडद्यावर धोक्याची सूचना झळकली. ज्यांनी ती वाचून पाऊल मागे घेतले ते वाचले. ज्यांनी ती बाजूला सारून आपली गुप्त किल्ली टाइप केली त्यांची शिल्लक थोड्या वेळात दुसऱ्याच्या खात्यात गेली. हा दुसरा पहाराही नेहमी टिकतोच असे नाही, हे पुढे दिसून येईल.

अधिकारपत्राची व्यवस्था

पत्तागट मुळात मिळतात ते पाच प्रादेशिक नोंदणी-मंडळांकडून. भारतातील संस्थांना ते ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील 'एपनिक' या मंडळाकडून किंवा 'इंडियन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नेम्स अँड नंबर्स' या भारतीय नोंदणी कार्यालयामार्फत मिळतात. कोणता गट कोणाचा, हे या मंडळांना ठाऊक असतेच. प्रश्न एवढाच होता, की दप्तरातील ही माहिती राउटरला विश्वासार्ह रीतीने कशी पोहोचवावी.

त्यावर काढलेला उपाय असा. मंडळ गटाच्या धारकाला गणिती स्वाक्षरीने बांधलेले प्रमाणपत्र देते. त्या प्रमाणपत्राच्या बळावर धारक एक लहानसा लेख प्रसिद्ध करतो. त्याला आपण 'उगम-अधिकारपत्र' म्हणू. त्यात तीनच गोष्टी असतात : पत्तागट, तो घोषित करण्याचा अधिकार ज्याला दिला त्या जाळ्याचा क्रमांक, आणि त्या गटाचे तुकडे पाडून घोषित करायचे झाल्यास जास्तीत जास्त किती लहान तुकडा चालेल, याची मर्यादा. ही सर्व अधिकारपत्रे मंडळांच्या खुल्या भांडारांत ठेवलेली असतात.

पडताळणी करू इच्छिणारे जाळे एक स्वतंत्र संगणक ठेवते. तो ठरावीक वेळाने सर्व भांडारांतील अधिकारपत्रे उतरवून घेतो, स्वाक्षऱ्या तपासतो, आणि खऱ्या ठरलेल्या नोंदींची साधी यादी राउटरला देतो. राउटरला स्वाक्षऱ्यांचे अवघड गणित करावे लागत नाही. त्याला फक्त यादीशी तुलना करायची असते. ही तुलना कशी करावी याचे नियम २०१३ मध्ये निश्चित झाले, आणि ते मोठे सुटसुटीत आहेत.

घोषणा आली की राउटर पाहतो : या गटाला सामावून घेणारे एखादे अधिकारपत्र यादीत आहे काय? एकही नसेल तर निकाल 'अज्ञात'. असेल, आणि घोषणेच्या उगमाचा क्रमांक त्यातील क्रमांकाशी जुळत असेल, व घोषित गट लहानपणाच्या मर्यादेत असेल, तर निकाल 'वैध'. अधिकारपत्रे आहेत पण त्यांतील एकाशीही घोषणा जुळत नाही, तर निकाल 'अवैध'.

आता २०१८ च्या घोषणेला ही कसोटी लावून पाहू. समजा, पुढील अधिकारपत्र यादीत आहे : गट 205.251.192.0/23, क्रमांक AS16509, मर्यादा /23. अ‍ॅमेझॉनची स्वतःची घोषणा येते. क्रमांक जुळतो, आकार मर्यादेत आहे, निकाल वैध. मग कोलंबसकडून 205.251.192.0/24 ची घोषणा येते. हा गट अधिकारपत्रातील गटात सामावतो, म्हणून तो अज्ञात नाही. क्रमांक AS10297 जुळत नाही आणि आकारही मर्यादेबाहेर आहे, म्हणून निकाल अवैध. राउटर घोषणा टाकून देतो, ती पुढे सांगत नाही, आणि त्याच्यापुरती चोरी तेथेच संपते. २०१८ च्या एप्रिलमध्ये मात्र अशी पडताळणी करून अवैध घोषणा टाकून देणारी जाळी फारच थोडी होती. मोठ्या पुरवठादारांपैकी अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने आपण तसे करीत असल्याचे २०१९ च्या आरंभी जाहीर केले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत इतर अनेकांनी तिचे अनुकरण केले.

'टाकून देणे' हे शब्द येथे मोजून वापरले आहेत. काही चालक सावधगिरी म्हणून अवैध घोषणा ठेवून घेतात आणि तिला फक्त दुय्यम पसंती देतात. ही सावधगिरी निरुपयोगी आहे, कारण पसंतीचा प्रश्न सारख्या आकाराच्या गटांतच उद्भवतो. चोराचा गट लहान असेल तर त्याला स्पर्धकच नसतो. यादीत तो राहिला की सर्वांत नेमका म्हणून तोच निवडला जातो. याउलट अज्ञात घोषणा मात्र स्वीकारावीच लागते. मे २०२४ मध्ये जगातील जुन्या पद्धतीच्या पत्तागटांच्या घोषणांपैकी वैध ठरणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच निम्म्याच्या पलीकडे गेले. त्या वेळी अज्ञात घोषणा नाकारणाऱ्या जाळ्याला जवळजवळ अर्धे जग अदृश्य झाले असते. ज्याने अधिकारपत्र काढलेले नाही त्याचे रक्षण ही व्यवस्था करू शकत नाही, याचे कारण हेच.

आणखी एक अडचण वरवर पाहता ध्यानात येत नाही. एखादे लहान जाळे स्वतः काटेकोर पडताळणी करते. ते चोराचा /24 टाकून देते आणि खऱ्या /23 च्या वाटेने संदेश आपल्या मोठ्या पुरवठादाराकडे सोपविते. परंतु तो पुरवठादार पडताळणी करीत नसेल, तर त्याच्या यादीत चोराचा /24 तसाच असतो. संदेश त्याच्या हाती पडताच पुन्हा नेमक्या गटाचा नियम लागू होतो आणि संदेश चोराच्या दारी जातो. लहान जाळ्याच्या पडद्यावर सर्व काही वैध दिसत राहते. म्हणून या पद्धतीचा खरा लाभ मोठी मध्यस्थ जाळी तिचा अवलंब करतात तेव्हाच होतो. त्यांनी टाकून दिलेली घोषणा त्यांच्यामागील हजारो जाळ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

नावाचा गैरवापर

उगम-पडताळणी नेमके काय तपासते, हे पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे. ती मालिकेतील शेवटचा क्रमांक अधिकारपत्राशी ताडून पाहते. पण तो क्रमांक म्हणजे घोषणेत लिहिलेला एक आकडा आहे. ती स्वाक्षरी नव्हे. चोराने आपल्या क्रमांकामागे मालकाचाच क्रमांक लिहिला तर? या शक्यतेचे प्रात्यक्षिक १७ ऑगस्ट २०२२ रोजी झाले.

त्या दिवशी 'सेलर ब्रिज' ही आंकिक चलनाची देवाणघेवाण करणारी सेवा लक्ष्य होती. तिचे एक यंत्र अ‍ॅमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या पत्त्यावर चालत होते. अ‍ॅमेझॉन त्या भागातील पत्ते 44.224.0.0/11 या विस्तीर्ण गटाने घोषित करीत असे. त्यात वीस लाखांहून अधिक पत्ते येतात. चोराने एका ब्रिटिश पुरवठादाराच्या जाळ्यातून जी घोषणा केली, तिचे स्वरूप असे होते :

```
44.235.216.0/24   1299 209243 14618
```

डावीकडील 1299 हे घोषणा पुढे पसरविणारे मोठे मध्यस्थ जाळे आणि 209243 हे घोषणा जेथून निघाली ते जाळे. शेवटचा 14618 हाही अ‍ॅमेझॉनचाच एक क्रमांक. पण तो तेथे अ‍ॅमेझॉनने लिहिलेला नव्हता. अ‍ॅमेझॉनची अधिकारपत्रे अस्तित्वात होती. मात्र ती उदार होती : या क्रमांकालाही त्यांत मुभा होती, आणि लहानपणाची मर्यादा /24 पर्यंत सैल ठेवलेली होती. राउटरने तपासले, क्रमांक जुळला, आकार मर्यादेत बसला, आणि चोरीच्या घोषणेवर 'वैध' असा शिक्का पडला.

पुढचा भाग अधिक चिंताजनक होता. संकेतस्थळांना ओळख-प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अर्जदाराची खात्री करून घेण्यासाठी त्या नावाच्या यंत्राशी जाळ्यावरूनच संपर्क साधतात. वाटच चोराच्या ताब्यात असल्यामुळे त्या संपर्काला उत्तर चोराने दिले आणि रीतसर प्रमाणपत्र मिळविले. २०१८ मध्ये ग्राहकांना निदान धोक्याची सूचना दिसली होती. या वेळी तीही दिसली नाही. सुमारे २ लाख ३५ हजार डॉलर गेले, आणि पत्त्यांवरील ताबा पूर्ववत व्हायला तीन तासांहून अधिक वेळ लागला.

मर्यादा सैल ठेवण्याचा मोह का होतो, हे समजण्यासारखे आहे. उद्या एखादा लहान तुकडा वेगळा घोषित करावा लागला तर नवे अधिकारपत्र काढण्याची दगदग नको, असा हिशेब असतो. परंतु मर्यादा /11 एवढीच कडक असती तर चोराचा /24 अवैध ठरला असता. मग त्याला संपूर्ण /11 घोषित करावा लागला असता. तो मालकाच्या गटाएवढाच असल्यामुळे आपोआप जिंकला नसता, आणि मालकाच्या क्रमांकाआधी स्वतःचा क्रमांक जोडावा लागल्याने त्याची मालिका एका घराने लांबही झाली असती. चोरी अशक्य झाली नसती, पण तिचा पल्ला आखडला असता. म्हणूनच, जे गट प्रत्यक्षात घोषित होतात तेवढ्यांचीच आणि तेवढ्याच आकाराची अधिकारपत्रे काढावीत, असा सल्ला इंटरनेटचे मानदंड ठरविणाऱ्या मंडळींनी २०२२ मध्येच प्रसिद्ध केला. संपूर्ण मालिकेतील प्रत्येक दुव्याची स्वाक्षरी तपासण्याची पद्धतही २०१७ पासून कागदावर आहे. परंतु ती राउटरांना इतकी जड पडते, आणि सर्वांनी एकदम स्वीकारल्याशिवाय इतकी कमी उपयोगाची ठरते, की व्यवहारात ती रुजलेली नाही.

अधिकारपत्राची किल्लीही सांभाळावी लागते. ३ जानेवारी २०२४ रोजी स्पेनमधील ऑरेंज या दूरध्वनी कंपनीच्या युरोपीय नोंदणी-मंडळाकडील खात्यात एक घुसखोर शिरला. खात्याचा परवलीचा शब्द कोणालाही सुचावा इतका सोपा होता. त्याने कंपनीच्या गटांसाठी चुकीच्या क्रमांकाची अधिकारपत्रे काढली. परिणामी कंपनीच्या स्वतःच्या खऱ्या घोषणा अवैध ठरल्या, पडताळणी करणाऱ्या जाळ्यांनी त्या इमानेइतबारे टाकून दिल्या, आणि स्पेनमधील तिच्या ग्राहकांची सेवा काही तास विस्कळित झाली. पडताळणीत दोष नव्हता. तिला दिलेली साक्षच खोटी होती.

चोरी कशी ओळखावी

पत्त्यांच्या धारकाला आपल्या घरी बसून ही चोरी दिसत नाही. त्याची यंत्रे चालू असतात, तारा शाबूत असतात. फक्त येणारी वर्दळ अकारण कमी होते. चोरी दिसते ती बाहेरून. जगाच्या निरनिराळ्या भागांतील राउटरांना काय काय ऐकू येते, याची सतत नोंद ठेवणारी काही सार्वजनिक संग्रहालये आहेत. ओरेगन विद्यापीठाचा 'राउट व्ह्यूज' हा प्रकल्प आणि युरोपीय मंडळाची तशीच सेवा ही त्यांपैकी प्रमुख होत. तेथे आपल्या गटांविषयीच्या घोषणांवर लक्ष ठेवणाऱ्याने तीन खुणा शोधायच्या असतात. पहिली, आपल्या गटात अनोळखी उगम-क्रमांक दिसणे. दुसरी, आपण कधीच घोषित न केलेला लहान तुकडा अचानक प्रकट होणे. आणि तिसरी, उगमाचा क्रमांक आपलाच, पण त्याला लागून असलेला शेजारी ओळखीचा नसणे. २०१८ च्या घोषणेत पहिल्या दोन खुणा होत्या. २०२२ मध्ये उगम-क्रमांक घरचाच वाटत होता. चोर उघडा पडू शकत होता तो तुकड्याच्या आकारावरून आणि 14618 च्या शेजारी बसलेल्या परक्या क्रमांकावरून.

उगम-पडताळणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट होते. 'या जाळ्याला हा गट घोषित करण्याचा अधिकार दिलेला आहे काय?' एवढ्याच प्रश्नाचे ती निःसंदिग्ध उत्तर देते. २००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानच्या दूरध्वनी कंपनीने देशापुरते यूट्यूब बंद करण्याच्या प्रयत्नात त्याचा एक /24 गट साऱ्या जगाला घोषित केला होता आणि दोन तास जगभर यूट्यूब दिसेनासे झाले होते. तसल्या चुका, आणि २०१८ सारखा उघड परका दावा, या पडताळणीने पहिल्याच दारात अडतात. 'हा निरोप खरोखरच त्या जाळ्याकडून आला आहे काय?' हा प्रश्न मात्र ती विचारतच नाही. तोवर मालकाच्या हाती उरते ते अधिकारपत्रातील तिसरे कलम, म्हणजे लहानपणाची मर्यादा, आणि ती किती घट्ट बांधायची हा निर्णय सर्वस्वी त्याचाच असतो.